गाडी एक मिनिट थांबेल

आमच्या सोसायटीच्या व्हॅनकाकांना वेळ विचारू नये. आपण बोलायला विषय म्हणून "सव्वासहा झाले का हो?" म्हणतो आणि काका मनगटाकडे न बघता "सहा तेरा" म्हणतात. ती दोन मिनिटं आपणच कुणाच्या तरी खिशातून काढली असावीत, असं उगाच वाटून जातं. ते पाव, अर्धा, पाऊण अशा ढोबळ भाषेत बोलत नाहीत. "येतो पाचेक मिनिटांत" हे वाक्य अवघं पुणे शहर दिवसातून शंभरदा बोलतं, पण काकांच्या तोंडून ते मी ऐकलेलं नाही. लग्नाच्या मुहूर्तावर अक्षता टाकून, जेवणाची पंगत बसायच्या आत ते निघतात, कारण पत्रिकेवर जेवणाची वेळ छापलेली नसते.

बाकी माणूस दिसायला अगदी साधा. खाकी शर्ट, खिशाला बॅज, डोक्याला टोपी, गळ्यात चष्म्याची दोरी. आधी बरीच वर्षं रिक्षा चालवली, आता बारा अधिक एक सीटची पिवळी गाडी. गाडीत दाराशी त्यांची बायको बसते, तिला मुलं मावशी म्हणतात. धायरीतल्या सोसायट्यांमधून मुलं उचलायची आणि सिंहगड रस्त्याने राजाराम पुलाच्या बाजूच्या शाळेत सोडायची, एवढंच काम. पण काकांचा खरा स्वभाव म्हणजे ते शब्द द्यायला घाबरतात. एरवी घाबरणारी माणसं शब्द देतात आणि मग पळायला घाबरत नाहीत. काकांचं उलटं आहे.

म्हणूनच गेल्या वर्षी मे महिन्यात ते माझ्याकडे पत्रक घेऊन आले तेव्हा घामाघूम झाले होते. जूनच्या आधी व्हॅनवाल्यांची पत्रकं फिरतात. त्या वर्षी शेजारच्या सोसायटीत एका नव्या माणसाने गुळगुळीत रंगीत पत्रकं वाटली होती, म्हणून काकांच्या भाच्यानेही मामासाठी एक तयार केलं. भाच्याचा फ्लेक्सचा धंदा आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि आमदारांचं हार्दिक अभिनंदन यांच्या मधल्या वेळात त्याने लिहिलं होतं: 'आपल्या पाल्याची सुरक्षा हीच आमची जबाबदारी! १०० टक्के सुरक्षित व वक्तशीर सेवा! अनुभवी, निर्व्यसनी चालक! एकदा सेवेची संधी द्या!' मागे उगवता सूर्य, पुढे हसणारी चार गोरीपान मुलं. त्यातलं एकही धायरीचं नव्हतं.

"साहेब, तुम्ही जाहिराती लिहिता," काका म्हणाले. "यातलं मला कुणी विचारलं, तर मी काय दाखवू?"

"दाखवायचं काय त्यात? लोकांना बरं वाटावं म्हणून लिहितात."

"आरटीओत पासिंगला गाडी नेली की इन्स्पेक्टर 'गाडी छान आहे' असं लिहितो का? ब्रेक दाबून बघतो. टायरची नक्षी बघतो. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख बघतो, औषधाची पेटी उघडून बघतो. संकटकाळचा दरवाजा आतून उघडतो का, ते स्वतः उघडून बघतो. आता हे 'सुरक्षित' आहे ना, याचं पासिंग कसं करणार?"

मग त्यांनी माझं पेन घेतलं आणि भाच्याच्या मजकुरावर रेघा ओढायला सुरुवात केली. 'अनुभवी' खोडलं, कारण अपघात करणाराही अनुभवीच असतो. 'निर्व्यसनी' खोडताना जरा थांबले आणि म्हणाले, "तंबाखू सोडून." शेवटी पत्रकावर सूर्य, मुलं आणि फोन नंबर एवढंच उरलं. मुलंही त्यांना नको होती, पण भाच्याने ती विकत आणली होती.

आता पत्रकात काय घालायचं, यावर आम्ही बसलो.

पहिलं कलम त्यांनी तयारच आणलं होतं. 'गाडीत अकरा मुलं बसतील. बारावं बसणार नाही.' मी म्हटलं, काका, यात आकर्षक काय आहे? तेव्हा त्यांनी हिशेब मांडला. सीट बारा. एक मावशींची. उरल्या अकरा. बारा वर्षांखालची मुलं असली तर सीटच्या दीडपट बसवता येतात, हा हिशेब या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे मावशींना घरी ठेवलं तर अठरा. रंगीत पत्रकवाला महिना अठराशे घेतो, अठरा मुलांचे बत्तीस हजार चारशे होतात. काका अठ्ठावीसशे घेतात, अकरांचे तीस हजार आठशे. "म्हणजे मी महाग आहे आणि कमीही कमावतो," ते म्हणाले. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर धंदेवाल्याला न शोभणारं समाधान होतं.

"पण का?"

"कारण मला मुलं मोजता येत नाहीत. कुणालाच येत नाहीत. ती हलतात." आणि मग त्यांनी त्यांच्या धंद्याचं मर्म सांगितलं. एका सीटवर दोन, मधल्या फळीवर तीन, कुणी कुणाच्या मांडीवर अशी मुलं असली की डोकी मोजावी लागतात, आणि हलणारी डोकी मोजताना एक दोनदा मोजलं जातं, एक राहून जातं. प्रत्येक मुलाची सीट ठरलेली असली की डोकी मोजायचीच नाहीत, रिकामी सीट बघायची. सीट हलत नाही. मावशी मागे वळून बघतात, खिडकीजवळची तिसरी सीट रिकामी दिसली की कोण आलं नाही हे नावानिशी कळतं.

दुसरं कलम त्यातूनच निघालं. 'शाळेत गाडी रिकामी झाल्यावर मावशी शेवटच्या सीटपर्यंत जाऊन प्रत्येक सीटला हात लावतील आणि मगच दार बंद होईल.' हे वाचून मला हसू आलं. काकांना आलं नाही. सकाळी सहा वीसला उचललेलं बालवाडीचं पोर सातपर्यंत गाढ झोपतं आणि झोपलं की घसरतं. दोन सीटांच्या मध्ये, दप्तराखाली, असं जातं की ड्रायव्हरच्या आरशात ते दिसतच नाही. सगळी मुलं आरडाओरडा करत उतरतात, दार लागतं, गाडी उन्हात उभी राहते. "आरशात बघून गाडी रिकामी आहे म्हणणारा माणूस," काका म्हणाले, "त्या दिवशीपर्यंत अनुभवीच असतो." म्हणून हात लावायचा. बघायचं नाही, हात लावायचा. मावशी हात लावत लावत मोठ्याने मोजतात, आणि अकरा आकडा ऐकू आल्याशिवाय काका गाडीची किल्ली फिरवत नाहीत. एकदा मावशींचा घसा बसला होता, तर गाडी शाळेपुढे उभीच. शेवटी मावशींनी चिठ्ठीवर 'अकरा' लिहून पुढे पाठवलं.

मग आलं वेळेचं कलम. त्यावर आमचं भांडण झालं.

मी म्हटलं, "लिहू या, 'गाडी प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं थांबेल.' आईबापांना आवडेल."

"एक," काका म्हणाले.

"निदान दोन तरी. एक मिनिट म्हणजे उद्धटपणा वाटतो."

"एक, म्हणजे हिशेब वाटतो." आणि त्यांनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहिले. शाळेचं फाटक सात दहाला बंद. सात थांबे. प्रत्येक ठिकाणी मुलं चढायला एक मिनिट, म्हणजे सात. गल्लीबोळांतून थांब्या-थांब्यांमधली सोळा मिनिटं. सहा वीसला पहिलं पोर उचललं की सहा त्रेचाळीसला धायरी फाटा. तिथून शाळा पाच किलोमीटर, तेरा मिनिटं. सहा छप्पनला शाळा.

"म्हणजे चौदा मिनिटं हातात आहेत की!"

"नाहीत. सात आहेत." त्यांनी सहा पन्नास या आकड्याभोवती गोल काढला. सिंहगड रस्ता सहा पन्नासपर्यंत एक रस्ता असतो आणि सहा पन्नासनंतर दुसरा. मोठ्या शाळांच्या बसेस त्याच सुमाराला फाट्याला लागतात, पीएमपीच्या गाड्या येतात, आणि 'आज उशीर झाला म्हणून' आपल्या मुलाला चारचाकीने सोडायला निघालेले बाप येतात. तेरा-चौदा मिनिटांचा रस्ता वीस मिनिटांचा होतो. समजा तीनच घरांनी तीन-तीन मिनिटं उशीर केला. नऊ मिनिटं. फाटा सहा बावन्नला, शाळा सात बाराला. फाटक बंद. "तीन आया म्हणतील, आम्ही तर फक्त तीनच मिनिटं थांबवलं. खरंच आहे. पण तिघींची नऊ झाली आणि नऊची रस्त्याने सोळा केली. फाट्यावर मला सात मिनिटं आहेत आणि थांबे सात. आता तुम्हीच सांगा, एका थांब्याला किती आली?"

मी एक लिहिलं.

"आणि तो वेळ पुढे भरून नाही का काढता येणार? जरा गाडी दामटली तर?"

काकांनी पेन खाली ठेवलं. गाडीला वेगाचा गव्हर्नर आहे, चाळीसच्या पुढे ती जातच नाही. शाळेच्या गाड्यांना चाळीसची मर्यादा आहे. पण काकांचं म्हणणं, नियमाने सांगितलं नसतं तरी गणित तेच राहिलं असतं. पाच किलोमीटर सलग चाळीसने साडेसात मिनिटांत होतात आणि सलग पन्नासने सहा मिनिटांत. म्हणजे रस्ता पूर्ण मोकळा मिळाला, एकही सिग्नल लागला नाही, तर जीव धोक्यात घालून दीड मिनिट वाचतं. आणि एक आई डब्याचं झाकण शोधता शोधता तीन मिनिटं घालवते. वेळ रस्त्यावर वाचत नाही, तो सोसायटीच्या फाटकात वाचतो. लोकांना व्हॅनवाला सावकाशही हवा असतो आणि वेळेवरही. दोन्ही जमतं, पण त्याची किंमत व्हॅनवाला नाही, घरातला माणूस पाच मिनिटं आधी उठून देतो.

कलम असं झालं: 'गाडी थांब्यावर एक मिनिट थांबेल. हॉर्न वाजणार नाही, मावशी एक मिस्ड कॉल देतील. मूल सुटल्यास पालकांनी सहा बेचाळीसपर्यंत फाट्याच्या थांब्यावर आणून द्यावे. उशीर वेगाने भरून काढला जाणार नाही.' यातलं तिसरं वाक्य पुढे आमच्या भागात फार लोकप्रिय झालं. पावसाळ्यात सकाळी धायरी फाट्यावर उभं राहिलात तर बनियनवर रेनकोट घातलेले गृहस्थ स्कूटरच्या पायरीवर पोर उभं करून, हँडलला पाण्याची बाटली लावून सुसाट येताना दिसतात. त्यांना चाळीसची मर्यादा नाही.

फोनचं कलम एका ओळीचं होतं. 'गाडी चालू असताना काका फोन उचलणार नाहीत.' मी सुचवलं, याऐवजी 'चोवीस तास संपर्क' लिहू. काका म्हणाले, "मी फोन उचलला, तर पोर धोक्यात आहे म्हणून समजा." गंमत अशी, की काकांना गाडी चालवताना सर्वाधिक फोन सुरक्षेची काळजी करणाऱ्या पालकांचेच येतात. काका, हळू चालवताय ना, हे विचारायला. आता फोन मावशींकडे असतो आणि उशीर झाला तर ग्रुपवर त्या तीन शब्द टाकतात: 'आठ मिनिटं. सिग्नल.' कारण विचारायची सोयच ठेवलेली नाही.

दुपारच्या कलमावर मात्र काका बराच वेळ बोलले, कारण सकाळी मूल हरवत नाही, दुपारी हरवतं. सकाळी दोन्ही टोकांना माणसं असतात. दुपारी आई ऑफिसात, बाबा मीटिंगमध्ये, आणि फोन येतो, 'काका, वॉचमनकडे सोडा ना.' म्हणून कलम: 'मूल फॉर्मवर लिहिलेल्या तीन माणसांपैकी एकाच्याच हातात दिले जाईल. कोणी नसल्यास मूल गाडीतच राहील, उरलेली फेरी पूर्ण करून गाडी परत येईल.'

या कलमाची परीक्षा त्याच्या आदल्या वर्षीच झाली होती, कागदावर यायच्या आधी. साताऱ्याहून आलेले एक आजोबा नातवाला घ्यायला फाटकात उभे होते. नातू आतून "आजोबा, आजोबा" ओरडतोय, आजोबा बाहेरून हात पसरताहेत. काकांनी फॉर्म काढला. तीन नावं, त्यात आजोबा नाहीत. आजोबा निवृत्त अधिकारी, त्यांनी आधार कार्ड काढलं, पेन्शनचं ओळखपत्र काढलं, आवाज काढला. काका हात जोडून म्हणाले, "तुम्ही खरे आहात आजोबा, यादी अपुरी आहे. तुमच्या सूनबाईंना म्हणावं, मावशींच्या फोनवर नाव आणि फोटो पाठवा. तोवर मी पुढची दोन घरं करून येतो." अकरा मिनिटांनी फोटो आला आणि नातू मिळाला. आजोबांनी तीन दिवस काकांशी अबोला धरला, आणि चौथ्या दिवशी साताऱ्याला जाताना सुनेला सांगून गेले, की हा माणूस सोडू नकोस.

एक कलम मात्र काकांनी निव्वळ न्यायासाठी घातलं. सकाळी सगळ्यांत आधी जे पोर उचलतात, ते सगळ्यांत जास्त वेळ गाडीत बसतं. दुपारी त्याच वाटेने उलटं आलं, की तेच पोर शेवटी उतरतं. म्हणजे दोन्ही वेळा शिक्षा एकालाच. काकांची वाट सुदैवाने वेढ्यासारखी आहे, म्हणून दुपारीही ते सकाळच्याच क्रमाने फिरतात. सकाळी पहिला चढलेला दुपारी पहिला उतरतो. दोन किलोमीटर जास्त पडतात, सीएनजी जास्त जातो. पत्रकात लिहिलं: 'आधी चढेल तो आधी उतरेल.' हे वाचून भाचा म्हणाला, मामा, हे एसटीचं वाटतं.

काय करणार नाही, हेही त्यांनी लिहायला लावलं. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या भागात पाणी शिरलं, तर शाळेचा निरोप आल्याशिवाय गाडी निघणार नाही. सोसायटीच्या आत गाडी रिव्हर्स घेतली जाणार नाही, म्हणून मूल फाटकापर्यंत आणावं. आणि शेवटचं: 'माझ्या गाडीच्या बिघाडाने खोळंबा झाला आणि पंधरा मिनिटांत दुसरी गाडी आली नाही, तर पालकांनी रिक्षा करावी. भाडं मी देईन.' मी म्हटलं, काका, हे तरी नका लिहू, लोक गैरफायदा घेतील. ते म्हणाले, "मग बाकीचं कोण खरं मानेल?"

पत्रक वाटलं गेलं. खाली सूर्य राहिला, मुलं गेली. एका ताईंनी दोनदा वाचून विचारलं, "काका, यात 'सुरक्षित' असं कुठेच नाही हो."

"नाही ताई. त्याचं पासिंग होईना."

ऑगस्टमध्ये एका सकाळी धायरी फाट्याच्या अलीकडे गाडीचा क्लच गेला. दुसरी गाडी सांगितलेल्या व्हॅनवाल्याचाही खोळंबा झाला होता. पंधरा मिनिटं झाली तशी मावशींनी ग्रुपवर टाकलं: 'शेवटचं कलम.' दहा घरचे लोक येऊन आपापली मुलं गाडीने, दुचाकीने घेऊन गेले. फाट्याच्या थांब्यावरचा एकच मुलगा अजून चढायचा होता. त्याच्या वडिलांनी तिथूनच रिक्षा केली आणि संध्याकाळी ते हिशेबाला आले. काकांनी वही उघडली.

"किती झाले?"

"दीडशे."

काका जरा वेळ छताकडे बघत राहिले. हा माणूस पूर्वी रिक्षा चालवत होता, हे त्या गृहस्थांना ठाऊक नसावं. "फाटा ते शाळा पाच किलोमीटर. पहिल्या दीडला पंचवीस. उरलेल्या साडेतीनला सतराने एकोणसाठ रुपये पन्नास पैसे. झाले चौऱ्याऐंशी पन्नास."

"अहो, त्याने मीटर टाकलाच नाही. दीडशेच मागितले."

"आणि तुम्ही दिलेत?"

"उशीर होत होता हो!"

काकांनी पंच्याऐंशी रुपये मोजून दिले, वहीत लिहिले आणि सही घेतली. पन्नास पैसे त्यांच्याकडून निघतात, असंही सांगितलं. गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आले, की पत्रकात 'भाडं देईन' असं स्वच्छ लिहिलं आहे, मग पासष्ट रुपये कुठे गेले? मी पत्रक काढून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनीही पाहिलं, मान हलवली आणि उरलेले पासष्ट त्याच संध्याकाळी नेऊन दिले.

या जूनमध्ये नवं पत्रक आलं आहे. कलमं तीच, सूर्य तोच. फक्त शेवटच्या कलमात 'भाडं'च्या आधी 'मीटरप्रमाणे' घातलं आहे.